लाल डोळ्यात दूध, गुलाबजल, पाल्याचा रस: आत नेमकं काय होतं?

२०२३ च्या जुलैमध्ये आळंदीत डोळे येण्याची साथ सुरू झाली आणि बघता बघता राज्यभर पसरली. वर्गातली निम्मी मुलं घरी, मेडिकलमधले काळे गॉगल संपलेले, आणि घरच्या ग्रुपवर उपायांचा नुसता पाऊस. कुणी सांगे दोन थेंब गुलाबजल, कुणी तुळशीचा रस, कुणी शेजारच्या बाळंतिणीचं दूध. दरवर्षी पावसाळ्यात हे थोड्याफार फरकाने होतंच.

त्या साथीत ज्यांनी हे उपाय केले त्यांतले बहुतेक जण बरे झाले. ज्यांनी काहीच केलं नाही तेही साधारण तेवढ्याच दिवसांत बरे झाले. विषाणूमुळे आलेले डोळे बहुतेकदा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप निवळतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, त्रास शिगेला पोचलेला असताना, आपण काहीतरी घालतो. पाचव्या-सहाव्या दिवशी उतार पडायचाच असतो, तो पडतो, आणि श्रेय उपायाला जातं. घरोघरच्या अनुभवाचा पाया हा असा आहे. तो खोटा म्हणता येत नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. त्याची किंमत पुढच्या खेपेला मोजावी लागते, जेव्हा डोळा तसाच लाल होतो पण कारण वेगळं असतं.

लाल डोळा हे लक्षण आहे, आजार नव्हे

डोळे येतात तेव्हा सुजते ती पांढऱ्या भागावरची आणि पापण्यांच्या आतली पातळ त्वचा. डोळा लाल होतो, खुपतो, पाणी येतं, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटतात. एकाचे दोन डोळे व्हायला एखाद-दोन दिवस पुरतात. पण चिपडं पुसून, डोळे मिचकावून पाहिलं तर दिसतं पूर्वीसारखंच. खुपत असतं, पण ठणकत नसतं.

आता दुसरा लाल डोळा. एकच डोळा लाल, आत ठणका, उजेड सहन होत नाही, आणि कितीही पुसलं तरी धूसरच दिसतं. हे दुखणं बहुतेकदा काळ्या भागाचं असतं. काळ्या बुबुळावर घड्याळाच्या भिंगासारखं बसलेलं जे पारदर्शक आवरण आहे त्याला कॉर्निया म्हणतात. त्यावर जखम होऊन ती चिघळली की तो कॉर्नियाचा अल्सर. शिवाय डोळ्याचा दाब अचानक चढला किंवा आतून सूज आली तरी डोळा लालच होतो. दाब चढलेल्या माणसाला दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, डोकं फुटेल असं दुखतं, उलट्याही होतात, आणि घरचे पित्ताची गोळी देत बसतात.

आरशात पाहून किंवा मोबाइलच्या टॉर्चने या चौघांत फरक करणं डॉक्टरलाही अवघड जातं. म्हणून स्लिट लॅम्प नावाचं यंत्र असतं. त्यावर हनुवटी टेकवायची आणि डॉक्टर डोळा कित्येक पटींनी मोठा करून पाहतात. त्याआधी फ्लुरोसीन नावाचा पिवळा रंग डोळ्यात लावतात. कॉर्नियाचा वरचा थर जिथे खरवडलाय तिथेच तो धरतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. दोन मिनिटांचं काम आहे. आपल्या लाल डोळ्यात हिरवा डाग आहे की नाही, हे घरी कुणालाच माहीत नसतं. घरगुती उपायातली जोखीम इथेच आहे.

अर्धा मिलिमीटरचं आवरण

कॉर्निया मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. पारदर्शक राहायचं म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. बोटाला काटा टोचला की रक्ताबरोबर संरक्षक पेशी धावून येतात. कॉर्नियाच्या मध्यावर तशी कुमक पोचायला वेळ लागतो. त्याचं रोजचं संरक्षण दोन गोष्टींवर चालतं. एक म्हणजे पाच-सहा पेशींच्या जाडीचा अखंड वरचा थर, आणि दुसरं म्हणजे अश्रू. अश्रूंमध्ये लायसोझाइमसारखी जंतू फोडणारी द्रव्यं असतात, आणि प्रत्येक उघडझापीबरोबर ती पृष्ठभागावर पसरतात.

डोळ्यावर एका वेळी असणारे अश्रू किती? सुमारे सात मायक्रोलिटर. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब असतो तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा. म्हणजे कुठल्याही द्रवाचा एकच थेंब घातला तरी तो अश्रूंच्या चार-सात पट भरतो. जे संरक्षण होतं ते गालावर ओघळतं आणि काही काळ डोळ्यावर आपण घातलेलाच द्रव उरतो.

धडधाकट डोळा हे खपवून घेतो. वरचा थर शाबूत असेल तर जंतू बसायला जागा मिळत नाही. नांगरट न केलेल्या टणक रानावर बी पडलं तर वाळून जातं, तासात पडलं तर उगवतं, तसंच हे. कॉर्नियावरचा ओरखडा म्हणजे काढलेला तास.

उसाच्या पात्यापासून फुलापर्यंत

एक नेहमीचा क्रम दिवसवार पाहू. माणूस कल्पनेतला आहे, पण ज्या दवाखान्यांत शेतकरी-मजूर येतात तिथल्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाला तो ओळखीचा वाटेल.

ऊसतोड करणारी चाळिशीची बाई. पाचटातून वाकून जाताना पात्याची धार उजव्या डोळ्याला लागते. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते, त्यामुळे कॉर्नियावर एक बारीक ओरखडा उठतो. झोंबतं, पाणी येतं. हा ओरखडा स्वच्छ राहिला तर वरचा थर एक ते तीन दिवसांत भरून येतो, मागे खूणही राहत नाही. मात्र पात्यावर माती आणि बुरशीचे बीजाणू असतात. त्यातले काही आधीच आत गेलेले असू शकतात.

संध्याकाळी खोपटावर कुणीतरी पाला आणतं. कधी शेवगा, कधी कडुलिंब, कधी तुळस. तळहातावर चोळून, ओढणीच्या टोकातून रस डोळ्यात पिळला जातो. पानावरची धूळ, हातावरची माती, कापडातला घाम, सगळं त्या हिरव्या थेंबात असतं. झाडपाल्यावर आणि जमिनीत नेहमी सापडणाऱ्या बुरशींत फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या दोन अग्रभागी आहेत. हरभऱ्याला आणि तुरीला मर रोग आणणारी बुरशी याच फ्युजेरियम कुळातली, आणि भारतात कॉर्नियात जी बुरशी सापडते तिच्यातही हीच दोन कुळं सर्वांत जास्त. ओरखड्यावर पाल्याचा रस म्हणजे बुरशीचं बी आणि तिचं खाद्य एकाच थेंबात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. बुरशी जिवाणूंसारखी एका रात्रीत धुमाकूळ घालत नाही, ती सावकाश मुरते, आणि लोक फसतात ते इथेच. पाचव्या-सहाव्या दिवशी डोळा पुन्हा लाल होतो, उजेडात उघडवत नाही, आणि काळ्या भागावर खसखशीएवढा पांढुरका ठिपका दिसू लागतो.

मग मेडिकलवाल्याकडून 'लाली जायचा' ड्रॉप येतो. अशा ड्रॉपमध्ये पुष्कळदा अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांतलं एखादं नाव छापलेलं असतं. स्टिरॉइड सूज दाबतं, म्हणून दोन दिवसांत लाली ओसरते आणि औषध लागू पडलं असं वाटतं. पण सूज ही शरीराची लढाई असते. ती थांबली की बुरशीला रान मोकळं मिळतं. कायद्याने हे ड्रॉप चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत, पण मिळतात. या कहाणीत पाल्याच्या रसाइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, वाटा या बाटलीचा असतो असं माझं मत आहे.

दहा-बारा दिवसांनी ती मोठ्या रुग्णालयात पोचते तेव्हा ठिपक्याचा मसुराएवढा डाग झालेला असतो. त्याच्या कडा पिसासारख्या फाटलेल्या असतात आणि बुबुळाच्या तळाशी पुवाची पांढरी रेघ साचलेली असते. डॉक्टर डोळा बधिर करून जखमेवरचा थोडा भाग खरवडतात, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे असतील तर काही मिनिटांतच दिसतात. मग नाटामायसिन ५ टक्के हे थेंब सुरू होतात. पहिले काही दिवस जागेपणी दर तासाला, पुढे हळूहळू कमी करत, पण एकूण कित्येक आठवडे. या औषधाची अडचण अशी की ते कॉर्नियात खोलवर शिरत नाही. जखम वरवर असताना सुरू केलं तर उत्तम काम करतं, बुरशी आत उतरल्यावर हात टेकतं. दहा दिवस वाया जातात याचा खरा अर्थ हा आहे.

जखम भरली तरी तिथे पांढरा व्रण राहतो. आपण म्हणतो डोळ्यात फूल पडलं. फूल कडेला असेल तर नजर बरीच वाचते, मधोमध असेल तर त्या डोळ्याला कधी कधी उजेड-अंधार आणि हलणारे हात एवढंच कळतं. औषधाने भागलं नाही आणि कॉर्निया फुटायला आला, तर नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवावा लागतो. तोही बुरशी शिल्लक असलेल्या डोळ्यात रुजेलच याची खात्री नसते.

लवकर गेलं तर किती फरक पडतो?

याचं एक ठळक उत्तर नेपाळमधल्या भक्तपूरमधून आलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात गावातल्या आरोग्यसेवकांनी डोळ्याला मार लागलेल्या माणसांना शोधलं, फ्लुरोसीन लावून ओरखडा आहे का पाहिलं, आणि असेल तर क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावलं. दोन दिवसांच्या आत आलेले आणि तोवर संसर्ग न झालेले असे ओरखडे ४४२ निघाले. मार लागल्यापासून अठरा तासांच्या आत जे २८४ जण आले त्यांच्यापैकी एकालाही अल्सर झाला नाही. अठरा ते चोवीस तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांना झाला. एक ते दोन दिवसांनी आलेल्या ४९ पैकी १४ जणांना झाला.

मलम न लावलेला तुलनेचा गट या अभ्यासात नव्हता, हे सांगायला हवं. पुढे नेपाळमध्येच गावंच्या गावं घेऊन मोठी चाचणी झाली. तिच्यात गावपातळीवर अशी सेवा दिल्याने एकूण अल्सर घटल्याचं दिसलं नाही. त्यामुळे मलमाला जादूची कांडी मानता येणार नाही. तरी वेळेचा तो उतार डोळ्यांत भरतो. पहिल्या दिवशी दाखवायला गेलेला आणि दुसऱ्या दिवशी गेलेला यांच्या नशिबात फरक होता. पाल्याच्या रसाने होणारं मोठं नुकसान पुष्कळदा रसापेक्षा या हातच्या गेलेल्या दिवसाचं असतं. 'बघू दोन दिवस, उतरेल' यात तो जातो.

"पण घातल्यावर गार वाटतं"

वाटतंच. डोळ्याच्या तापमानापेक्षा थंड असलेला कुठलाही द्रव घातला की क्षणभर झोंबणं शमतं. घडी केलेला ओला रुमाल मिटलेल्या डोळ्यावर ठेवला तरी तेच सुख मिळतं, आणि आत काही जात नाही.

काही झाडांच्या बाबतीत तर न दुखणंच घातक ठरतं. रुईच्या पानाचा किंवा फुलाचा पांढरा चीक डोळ्यात गेलेले रुग्ण भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. त्यांच्यात डोळा फारसा न दुखता नजर धुकाटत जाते. कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो पाणी उपसून कॉर्निया कोरडा, म्हणजेच पारदर्शक, ठेवतो. रुईचा चीक या थरालाच इजा करतो, मग कॉर्निया पाणी धरून सुजतो. या पेशी माणसात पुन्हा वाढत नाहीत. बरेच रुग्ण उपचाराने सावरतात, पण गेलेल्या पेशी गेल्याच. मारुतीला रुईची माळ करताना हात चिकाने माखतात आणि नकळत डोळ्याला लागतात, म्हणून हे सांगितलं. निवडुंग, शेर, थोर यांचा चीक याच्या उलट, भयंकर आग करणारा आणि डोळ्याच्या आतपर्यंत सूज आणणारा. पानाचं देठ मोडल्यावर पांढरं दूध येत असेल तर ते झाड डोळ्याच्या आसपासही नको.

गुलाबजल तर शुद्ध असतं ना?

वाफेचं पाणी केलं तेव्हा शुद्ध असेल. बाटलीत भरताना, महिनाभर दुकानात राहताना आणि उघडल्यावर न्हाणीघराच्या फळीवर उभं असताना ते निर्जंतुक राहतं असं कुणी म्हणत नाही, बनवणाराही नाही. बाटली वाचली तर ती चेहऱ्यासाठी असते, नाहीतर मिठाईसाठी किंवा पूजेसाठी. चेहऱ्याच्या गुलाबजलात वास टिकावा म्हणून सुगंधी द्रव्यं आणि खराब होऊ नये म्हणून संरक्षक रसायनं असू शकतात. गालाच्या कातडीला ती चालतात. सुजलेल्या डोळ्याला त्यांची आग होते आणि लाली वाढते. मग पुन्हा गुलाबजल घातलं जातं.

पाण्याच्या बाटलीत राहायला आवडणारा एक जिवाणू आहे, स्युडोमोनास. त्याला जगायला फार काही लागत नाही. ओरखडा मिळाला तर तो एक-दोन दिवसांत कॉर्निया विरघळवू शकतो. हे पुस्तकी वाटत असेल तर २०२३ मध्ये अमेरिकेत काय झालं ते पाहा. चेन्नईजवळच्या एका कारखान्यात तयार झालेले कृत्रिम अश्रूंचे थेंब तिथे विकले जात होते, आणि त्या थेंबांशी स्युडोमोनासची साथ जोडली गेली. अमेरिकी आरोग्य यंत्रणेच्या नोंदीत अठरा राज्यांतले ८१ रुग्ण आहेत. त्यांतल्या चौदा जणांची नजर गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघे दगावले. ते थेंब डोळ्यात घालण्यासाठीच बनवलेले होते, सीलबंद होते, फक्त निर्जंतुकतेत कसूर झाली होती. डोळ्यासाठी न बनवलेल्या, महिना महिना उघड्या राहिलेल्या बाटलीवर मग किती भरवसा ठेवायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

"नळाचं पाणी तरी कुठे निर्जंतुक असतं? त्याने डोळे धुवायला तुम्हीच सांगता," असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. चुना, फवारणीचं औषध, ॲसिड किंवा झाडाचा चीक डोळ्यात उडाला तर प्रत्येक मिनिटाला इजा वाढत असते. तेव्हा जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने लगेच, पापणी उघडी धरून, निदान पंधरा-वीस मिनिटं धुवत राहायचं आणि मगच दवाखान्याकडे निघायचं. तिथे जंतूंची भीती दुय्यम ठरते. लाल झालेल्या डोळ्यात दिवसातून चारदा थेंब सोडत राहण्याला असं कुठलंही कारण नसतं.

बाळाच्या डोळ्यात आईचं दूध

या उपायाबद्दल सरसकट हेटाळणी करणं मला पटत नाही, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. आईच्या दुधात प्रतिद्रव्यं असतात, लायसोझाइम असतं. प्रयोगशाळेत ते काही जंतूंची वाढ थोडी रोखतं असं दिसलं आहे, पण अँटिबायोटिक थेंबांच्या तोडीने नाही, आणि सगळ्या जंतूंची नाही. जपानमध्ये तान्ह्या बाळांच्या चिपडांवर एक चाचणी झाली. तिच्यात आईचं दूध तिथल्या एका सौम्य थेंबाच्या बरोबरीचं ठरलं. मात्र तो थेंब अँटिबायोटिक नव्हता, सूज कमी करणारा होता. यातून दूध चिपडांना बरं असू शकतं एवढंच निघतं, ते जंतुसंसर्गावरचं औषध आहे असं निघत नाही.

शिवाय बाळाच्या चिपडांचं सर्वांत नेहमीचं कारण वेगळंच असतं. डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची नळी जन्मतः पुष्कळ बाळांत नाकाकडच्या टोकाशी बंद असते. डोळ्यात सतत पाणी, सकाळी चिपडं, पण पांढरा भाग पांढराच. दहापैकी नऊ बाळांत ती पहिल्या वाढदिवसापर्यंत आपोआप उघडते. डॉक्टर आईला डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यापासून खाली करंगळीने हलका दाब देत मालीश करायला शिकवतात. तेवढं पुरतं. दूध घातलं काय, न घातलं काय, नळी उघडायची तेव्हाच उघडते. घातलं तर तुंबलेल्या पिशवीत दुधाची भर पडते, आणि दुधातली साखर जंतूंनाही आवडते. दूध स्तनाच्या त्वचेवरून येतं, हाताने पिळलं जातं, वाटीत काढलं जातं, त्यामुळे त्यात त्वचेवरचे जिवाणू असतातच. पोटात गेल्यावर बाळाला त्यांचं काही होत नाही. डोळ्यात मामला वेगळा.

आणि मग तो प्रसंग, ज्यात वाट पाहणं परवडतच नाही. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात, बहुतेकदा दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, बाळाच्या पापण्या टम्म सुजतात, डोळा उघडत नाही आणि उघडला की पिवळा पू भळाभळा येतो. हा आईकडून जन्माच्या वेळी आलेला गोनोरियाचा संसर्ग असू शकतो. आईला स्वतःला काहीच लक्षणं नसू शकतात. बहुतेक जंतूंना ओरखडा लागतो, याला लागत नाही. हा शाबूत कॉर्नियातही शिरतो आणि एक-दोन दिवसांत त्याला भोक पाडू शकतो. यावर इंजेक्शनचं अँटिबायोटिक लागतं आणि बाळाला दाखल करावं लागतं. पहिल्या महिन्यात बाळाच्या डोळ्यातून पू येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, मग घरात सव्वा महिना पाळत असोत वा नसोत.

मोठ्या माणसाच्या डोळ्यात शेजारच्या बाळंतिणीचं दूध घालण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. तिच्या बाजूने तर वरचा जपानी दाखलाही देता येत नाही.

"आयुर्वेदात तर सांगितलंय"

सांगितलंय, हे खरं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांच्या आजारांचा मोठा भाग आहे. सेक, आश्च्योतन म्हणजे थेंब सोडणं, अंजन, तर्पण असे उपचार आहेत आणि स्त्रीच्या दुधाचाही उल्लेख येतो. पण तिथे आधी आजारांचे प्रकार वेगळे केलेले आहेत, कुठल्या अवस्थेत काय करायचं आणि काय टाळायचं हेही दिलेलं आहे. लाल दिसला डोळा की पिळ पाला, असं त्यात कुठे नाही. आजचे जबाबदार वैद्यही उपचाराआधी डोळा तपासतात आणि सीलबंद, निर्जंतुक नेत्रबिंदू वापरतात. तळहातावर चोळलेल्या पाल्याला आयुर्वेदाचं नाव देणं हा आयुर्वेदावरच अन्याय आहे.

दवाखाना गाठेपर्यंत

साथीचे डोळे आले असतील, दिसणं नीट असेल आणि ठणका नसेल, तर उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून, मिटलेल्या पापण्या नाकाकडून कानाकडे पुसा. दर वेळी नवा कापूस घ्या. वर गार घडी ठेवा. हात साबणाने धुवा, टॉवेल-उशी वेगळी ठेवा, डोळा चोळू नका, काजळ बंद. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ताबडतोब काढा आणि मग डोळा साधा वाटला तरी दाखवाच. चार-पाच दिवसांत उतार नसेल तर दाखवायचं.

पण डोळ्याला काडी, पातं, कुसळ, खडा लागला असेल, एकच डोळा ठणकत असेल, उजेड सोसवत नसेल, पुसूनही धूसर दिसत असेल किंवा काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग असतो. तोवर डोळ्यात काहीही घालू नका. घट्ट पट्टीही बांधू नका, कारण बंद, उबदार डोळ्यात जंतू आणखी वाढतात.

आणि आधीच काही घातलं असेल तर ते सांगा. बरेच जण ओरडा बसेल या भीतीने 'काही नाही घातलं' म्हणतात. पाल्याचा रस घातलाय किंवा उसाचं पातं लागलंय हे कळलं की डॉक्टरांना बुरशीचा संशय पहिल्या भेटीतच येतो आणि खरवडून तपासणी लगेच होते. नाहीतर आठवडाभर जिवाणूंवरचे थेंब चालतात आणि बुरशी आत उतरत राहते. कोणत्या झाडाचा पाला होता, कधी घातला, किती वेळा घातला हे सांगा. मेडिकलमधून आणलेली बाटली असेल तर तीही बरोबर न्या, म्हणजे त्यात स्टिरॉइड होतं का हे डॉक्टरांना लगेच कळेल.